नंबर लपवला, तरी माणूस सापडतो

समजा, नाशिकमधल्या एका शाळेतल्या बाई एक्सवर टोपणनावाने लिहितात. प्रोफाइलवर त्यांचं नाव नाही, फोटो नाही, गावाचा थांगपत्ताही लागू दिलेला नाही. खातं उघडताना मोबाइल नंबर मागितला गेला, तो त्यांनी दिला, पण तो प्रोफाइलवर कुणाला दिसत नाही हे नीट पाहून घेतलं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच चालवत असल्यामुळे हाच नंबर वर्गातल्या सगळ्या पालकांकडे आहे. एके दिवशी त्यातले एक पालक आपल्या फोनवर एक्स घेतात. ॲप विचारतं, तुमचे कॉन्टॅक्ट तपासू का? ते हो म्हणतात. मग कुणाला फॉलो करावं हे सुचवणाऱ्या यादीत बाईंचं टोपणनावाचं खातं येऊ शकतं.

यात बाईंचा नंबर कुणालाच दिसलेला नाही, तो कंपनीने कुणाला सांगितलेलाही नाही. नंबर त्या पालकांकडे आधीपासून होता. त्या नंबरामागे कोणतं खातं आहे, एवढंच कंपनीने दाखवलं. नंबर दिसणं ही एक गोष्ट आणि नंबरावरून सापडणं ही दुसरी. बहुतेक ॲपमध्ये या दोन गोष्टींची सेटिंग वेगवेगळी असतात, आणि पहिलं बंद केलं की दुसरं आपोआप बंद झालं असं आपण धरून चालतो. तिथेच घात होतो.

एका खात्यामागचा माणूस नेमका हुडकायचा असेल तर युक्ती फार साधी आहे. कॉन्टॅक्टच्या यादीत शेकडो नंबर असतील, तर सुचवलेलं टोपणनाव त्यातल्या कुणाचं हे कळत नाही. पण रिकाम्या फोनमध्ये एकच नंबर साठवला आणि मग ॲपला यादी तपासायला सांगितली, तर त्या यादीतून जे खातं जुळेल ते त्याच नंबराचं. पाळत ठेवणारा माजी नवरा असो, वसुलीवाला असो, की चिडलेला सहकारी, त्याला यापेक्षा जास्त काही यावं लागत नाही.

ही जुळणी होते कशी ते थोडं जवळून पाहू. आपण कॉन्टॅक्टची परवानगी दिली की ॲप फोनमधली यादी कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हरकडे खातेदारांच्या नंबरांची आणि ईमेल पत्त्यांची स्वतःची मोठी यादी असते. दोन याद्या ताडून पाहिल्या जातात आणि जिथे नंबर जुळतो तिथलं खातं परत पाठवलं जातं. 'मला नंबरावरून कोण शोधू शकेल' हे सेटिंग इथे, उत्तर परत पाठवण्याच्या आधी, कामाला येतं. सर्व्हरने जुळणी झाल्यावर पाहायचं असतं की या खातेदाराने विचारणाऱ्याला उत्तर द्यायला परवानगी दिली आहे का. दिली नसेल तर त्या नंबराचं खातंच नाही असं उत्तर जायला हवं. हे फार महत्त्वाचं आहे. 'खातं आहे पण दाखवता येत नाही' एवढं जरी कळलं, तरी विचारणाऱ्याला निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

आणखी एक बाब ध्यानात घ्यायला हवी. हे सेटिंग सर्व्हरवर चालतं. आपल्या हातात फक्त बटण आहे. ते प्रत्येक वाटेवर पाळलं जातं की नाही हे कंपनीच्या प्रोग्रामवर अवलंबून असतं. आणि वाटा अनेक असतात: शोधाची चौकट, कॉन्टॅक्टची जुळणी, ओळखीच्यांच्या सुचवण्या, पासवर्ड विसरल्यावर खातं शोधून देणारं पान.

या दोन सेटिंगमधला फरक जगाला सगळ्यात ठळकपणे दिसला तो 2019 च्या उन्हाळ्यात, हाँगकाँगमध्ये. तिथे आंदोलन पेटलेलं होतं आणि आंदोलक मोठमोठ्या टेलिग्राम ग्रुपमधून एकमेकांना निरोप देत होते. ग्रुप सार्वजनिक, सदस्य हजारो, त्यामुळे पोलीसही आत शिरलेले असणार हे सगळे गृहीत धरून होते. म्हणून लोकांनी टोपणनावं घेतली आणि आपला नंबर कुणाला दिसावा या सेटिंगमध्ये 'Nobody', म्हणजे कुणालाच नाही, हा पर्याय निवडला. आपण सुरक्षित आहोत असं त्यांना वाटलं, आणि सेटिंगचे शब्द वाचले तर वाटणं साहजिकच होतं.

ऑगस्टमध्ये तिथल्या काही सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी दाखवून दिलं की हे पुरेसं नाही. हाँगकाँगचे मोबाइल नंबर आठ अंकी असतात. एखाद्याने ओळीने हजारो नंबर तयार करून आपल्या फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये भरले आणि टेलिग्रामला जुळवायला सांगितले, तर ज्या नंबराचं खातं असेल ते जुळत होतं. मग तो ग्रुपमध्ये गेला की जुळलेल्या सदस्यांच्या टोपणनावाशी नंबर जोडलेला त्याच्यासमोर असे. 'Nobody' निवडलेल्यांचाही. कारण त्या सेटिंगचा अर्थ एवढाच होता की ज्याच्याकडे नंबर नाही त्याला तो कळणार नाही. इथे तर विचारणाऱ्याने नंबर स्वतःच तयार केलेला होता. त्यापुढे नंबर कोणाच्या नावावर आहे हे मोबाइल कंपनीला विचारलं की झालं. एकदम फार नंबर भरणाऱ्या खात्याला आम्ही अडवतो असं टेलिग्रामचं म्हणणं होतं. पण सरकारी यंत्रणेला एक खातं अडलं तर दुसरं उघडायला कितीसा वेळ लागतो!

सप्टेंबर 2019 मध्ये टेलिग्रामने नवं सेटिंग दिलं: 'Who can find me by my number', मला माझ्या नंबरावरून कोण शोधू शकेल. ते आजही 'Privacy and Security' मधल्या 'Phone Number' या पानावर आहे, पण गंमत अशी की ते सुरुवातीला दिसतच नाही. वरच्या प्रश्नाला, म्हणजे नंबर कुणाला दिसावा याला, 'Nobody' असं उत्तर दिलं की खाली दुसरा प्रश्न उघडतो. त्यात दोनच पर्याय आहेत, सगळे किंवा 'My Contacts'. दुसरा निवडला की अनोळखी माणसाने आपला नंबर साठवला तरी त्याला आपलं खातं जुळत नाही.

इथे 'My Contacts' म्हणजे नेमकं कोण, हे समजून घेतलं पाहिजे. जुळणारी यादी आपली असते, त्याची नव्हे. म्हणजे मी ज्यांचे नंबर साठवले आहेत तेच मला शोधू शकतात. ऐकायला ठीक वाटतं. पण आपल्या फोनमध्ये घरच्या माणसांबरोबर प्लंबर असतो, तीन वर्षांपूर्वीचा घरमालक असतो, एकदाच बोललेला इस्टेट एजंट असतो, गॅसवाला असतो. टेलिग्रामला एकदा कॉन्टॅक्टची यादी दिली की हे सगळे 'My Contacts' होतात. सेटिंग घट्ट करायचं आणि यादी मात्र सगळी चढवून ठेवायची, याला फारसा अर्थ नाही. त्याच 'Privacy and Security' पानावर 'Data Settings' मध्ये चढवलेले कॉन्टॅक्ट पुसण्याची सोय आहे; ती वापरून, यादी पाठवणं बंद करून, मग हवे तेवढेच नंबर हाताने घालावेत.

सिग्नलने हीच गोष्ट जास्त सरळ मांडली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी युजरनेमची सोय जाहीर केली, तेव्हापासून 'Phone Number' या पानावर दोन्ही प्रश्न एकाखाली एक उघड दिसतात: नंबर कोण पाहू शकेल आणि नंबरावरून कोण शोधू शकेल. पहिल्याचं ठरलेलं उत्तर 'Nobody' आहे, दुसऱ्याचं 'Everybody'. दुसरंही 'Nobody' केलं तर आपला पूर्ण नंबर टाइप करणाऱ्यालाही आपण सिग्नलवर आहोत हे कळत नाही. त्याला आपण स्वतः युजरनेम दिलं तरच तो नवा निरोप पाठवू शकतो. ज्यांच्याशी आधीच बोलणं झालेलं आहे त्यांचा संवाद मात्र तसाच चालू राहतो. आणि नंबर सगळ्यांना दिसू दे असं ठेवलं असेल, तर शोध बंद करता येत नाही, कारण त्या जोडीला काही अर्थच उरत नाही. मला ही रचना आवडते, कारण वापरणाऱ्याला दोन प्रश्न दोन आहेत हे पाहताक्षणी कळतं.

या सगळ्यात कंपनीने आधीपासून काय ठरवून ठेवलं आहे यावर बहुतेकांचं भवितव्य ठरतं, कारण बहुतेक लोक सेटिंगच्या पानावर जातच नाहीत. फेसबुकचं प्रकरण त्यासाठी मुद्दाम पाहण्यासारखं आहे.

फेसबुकच्या शोधाच्या चौकटीत पूर्वी थेट नंबर किंवा ईमेल टाकून माणूस शोधता यायचा. एप्रिल 2018 मध्ये कंपनीने ही सोय बंद केली आणि सांगितलं की तिचा गैरवापर होऊन बहुतेक खातेदारांची सार्वजनिक माहिती उपसली गेली असण्याची शक्यता आहे. पुढचं दार बंद झालं खरं, पण कॉन्टॅक्ट चढवून मित्र शोधण्याची सोय उघडीच राहिली. उपसणाऱ्यांनी तिच्यात नंबरांच्या लांबलचक याद्या ओतल्या आणि कोणत्या नंबरामागे कोण आहे ते टिपून घेतलं. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनीने हा मार्ग आवळला, तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. एप्रिल 2021 मध्ये 106 देशांतल्या 53 कोटी 30 लाख लोकांची यादी इंटरनेटवर फुकट मिळू लागली. त्यात नंबर, नाव, फेसबुक क्रमांक आणि अनेकांचं गाव, जन्मतारीख असं सगळं होतं. त्यात भारतातले सुमारे 60 लाख लोक होते.

कंपनीचा युक्तिवाद असा होता की आमच्या यंत्रणेत कुणी घुसलेलं नाही, जी माहिती उघडी होती तीच गोळा केली गेली. शब्दशः पाहिलं तर ते खरंही आहे. पण नंबर आणि नाव यांची जोडी उघडी नव्हती. नंबर लपवलेला असतानाही ती जोडी तयार होऊ शकली, कारण नंबरावरून कोण शोधू शकेल या प्रश्नाचं उत्तर कंपनीने आधीच 'Everyone' करून ठेवलं होतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर 18 नोव्हेंबर 2024 रोजी याच यादीत सापडलेल्या एका माणसाचा खटला निकालासाठी आला. त्याने नंबर सार्वजनिक केलेला नव्हता, शोधाचं सेटिंग मात्र कंपनीने ठेवलं तसंच राहिलं होतं. आपल्या माहितीवरचा ताबा सुटणं हेच नुकसान आहे, पुढे फसवणूक झाल्याचं वेगळं सिद्ध करावं लागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि अशा नुकसानीची भरपाई 100 युरोंच्या आसपास धरायला हरकत नाही असंही सुचवलं. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये आयर्लंडच्या माहितीसंरक्षण आयोगाने मेटाला 26 कोटी 50 लाख युरोंचा दंड केला होता. कलम होतं रचनेतच आणि मूळ सेटिंगमध्येच खासगीपणा राखण्याचं. म्हणजे चूक वापरणाऱ्याने बटण न दाबण्याची धरली गेली नाही, बटण मुळात उघडं ठेवण्याची धरली गेली. मला हे योग्य वाटतं. ज्या माणसाला सेटिंग आहे हेच माहीत नाही, त्याने ते मान्य केलं असं कसं म्हणायचं?

फेसबुकच्या याच गोष्टीत एक वाईट भाग आहे. लॉगिन सुरक्षित करण्यासाठी, दुसरा कोड फोनवर यावा म्हणून लोकांनी नंबर दिले होते. मार्च 2019 मध्ये उघड चर्चा झाली की तेच नंबर शोधासाठीही वापरले जात आहेत आणि त्या वेळी सगळ्यात घट्ट पर्याय 'Friends' एवढाच होता. पूर्ण बंद करायची सोयच नव्हती. 'Only me' हा पर्याय त्यानंतर आला. सुरक्षेसाठी दिलेल्या नंबरानेच माणूस उघडा पडत असेल, तर पुढच्या वेळी तो नंबर द्यायला कचरतो, आणि खातं खरोखरच असुरक्षित होतं.

आज फेसबुकवर हे सेटिंग 'How people find and contact you' या पानावर आहे. नंबरासाठी वेगळा प्रश्न, ईमेलसाठी वेगळा. दोन्ही ठिकाणी जाऊन उत्तर द्यावं लागतं. एक बदललं म्हणून दुसरं बदलत नाही. एक्सवर 'Privacy and safety' मध्ये 'Discoverability and contacts' असं पान आहे आणि तिथेही ईमेल व फोन यांची दोन बटणं आहेत. सुरुवातीला सांगितलेल्या बाईंनी बंद करायचं होतं ते हे दुसरं बटण.

पण बंद केलेलं बटणही फसू शकतं. जून 2021 मध्ये ट्विटरच्या प्रोग्राममध्ये एक बदल झाला आणि त्यात एक खोट राहून गेली. ईमेल किंवा नंबर सर्व्हरला एका विशिष्ट वाटेने दिला, तर त्याला जोडलेल्या खात्याचा क्रमांक परत मिळत होता. खातेदाराने शोध बंद केलेला असला तरी. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला एका वाटेवर ठेवायचंच राहून गेलं होतं. जानेवारी 2022 मध्ये एका संशोधकाने ही खोट कळवली आणि कंपनीने ती दुरुस्त केली, पण त्याआधीच कुणीतरी तिचा फायदा घेतला होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सुमारे 54 लाख खात्यांची माहिती विकायला काढली गेली. ऑगस्टमध्ये कंपनीने हे मान्य करताना एक सल्ला दिला, तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: ओळख लपवून खातं चालवायचं असेल तर सगळ्यांना माहीत असलेला नंबर किंवा ईमेल त्या खात्याला जोडूच नका. सेटिंगच्या पलीकडचा खरा उपाय तोच आहे. जी जोडी कंपनीकडेच नाही, ती कोणत्याही खोटीतून बाहेर पडत नाही.

नंबराची मुळातली अडचण अशी की तो अंदाजाने काढता येतो. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. म्हणजे शक्य नंबर 400 कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, संगणकाला वाटत नाही. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हॉट्सॲपवर हे करून पाहिलं आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ते प्रसिद्ध केलं. या नंबराचं खातं आहे का, असं ते तासाला 10 कोटींहून जास्त नंबरांबद्दल विचारू शकले, आणि सर्व्हर उत्तर देत राहिला. त्या वेगाने भारताचे सगळे शक्य नंबर संपवायला 40 तास पुरतात. त्यांना जगभरात साडेतीनशे कोटी खाती सापडली, त्यातली सुमारे 75 कोटी भारतातली. आपल्याकडच्या या खातेदारांपैकी जवळपास 62 टक्के लोकांचा प्रोफाइल फोटो कुणालाही दिसेल असा होता. निरोप कुणी वाचू शकलं नाही, हे सांगायला हवं, आणि कंपनीने नंतर विचारणाऱ्यांच्या वेगावर मर्यादाही घातली. या संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली: 2021 च्या फेसबुक यादीतले जवळपास निम्मे नंबर अजूनही व्हॉट्सॲपवर चालू होते. नाव बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, नंबर माणूस वर्षानुवर्षं तोच ठेवतो.

व्हॉट्सॲपवर सिग्नलसारखं, नंबरावरून मला शोधू नका असं बटण नाही. नंबर हीच तिथली ओळख म्हणून ते ॲप बांधलं गेलं. त्यामुळे खातं आहे हे लपवता येत नसलं तरी नंबर टाकणाऱ्याला त्यापलीकडे काय मिळतं ते आपल्या हातात आहे. 'Privacy' मध्ये जाऊन फोटो, 'About' आणि 'Last seen' हे तिन्ही 'My contacts' केलं की अनोळखी माणसाला करडं वर्तुळ दिसतं. मुलीचा फोटो प्रोफाइलला लावणाऱ्या कितीतरी घरांत हे एवढं एक काम आज करण्यासारखं आहे. यूपीआयचं तर आणखी वेगळं. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसणं हे चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत म्हणूनच ठेवलेलं आहे, त्यामुळे यूपीआयला जोडलेल्या नंबरावरून नाव कळणं सोशल मीडियाच्या कोणत्याही सेटिंगने थांबत नाही. टोपणनावाच्या खात्याला तोच नंबर जोडलेला असेल, तर खातं आणि खरं नाव यांच्यात फक्त दोन पायऱ्या उरतात.

आपलं सेटिंग खरंच लागू झालं आहे का हे घरच्या घरी तपासता येतं. ज्याचा नंबर आपण साठवलेला नाही आणि ज्याच्याकडे आपलाही नाही असा एखादा भरवशाचा माणूस गाठावा, मित्राचा भाऊ किंवा सहकाऱ्याची बायको. त्याला आपला नंबर 'अबक' अशा निरर्थक नावाने साठवायला सांगावा, म्हणजे इतर यादीत तो हरवणार नाही. मग त्याने ज्या ॲपचं तपासायचं त्यात कॉन्टॅक्ट जुळवून पाहावेत. 'अबक' खातेदार म्हणून दिसला की समजायचं दार उघडं आहे. टेलिग्रामवर दार बंद असेल तर 'अबक' ला ॲप घेण्याचं निमंत्रण पाठवा, असं ॲप सुचवतं. सुचवण्यांच्या यादीवर चालणाऱ्या ॲपमध्ये लगेच काही न दिसणं हा पुरावा धरू नये. त्या याद्या सावकाश, दिवसांनी बदलतात. तपासून झाल्यावर त्या माणसाने 'अबक' पुसावा आणि चढवलेले कॉन्टॅक्टही काढावेत. आणि त्याचा नंबर तपासाच्या आधी आपल्या फोनमध्ये घालू नये, नाहीतर 'My Contacts' मध्ये तो येईल आणि उत्तर चुकेल.

सेटिंग आज बदललं तरी आधी जे जुळून गेलं ते मागे येत नाही, हेही या तपासात दिसेल. ज्यांनी तुम्हाला मागेच फॉलो केलं, ज्यांच्या चॅटमध्ये तुम्ही आधीच आहात, त्यांच्याकडे ती ओळख राहते.

ईमेलचं गणित थोडं वेगळं आहे. ईमेल पत्ते ओळीने तयार करता येत नाहीत, म्हणून तिथे अंदाजापेक्षा आधीच फुटलेल्या याद्या जास्त कामाला येतात. कुठल्यातरी दुकानाच्या वेबसाइटवरून चोरीला गेलेली पत्त्यांची यादी हाती घ्यायची आणि प्रत्येक पत्त्याचं कुठे कुठे खातं आहे ते विचारत सुटायचं. पण इथे आपल्या बाजूने एक मोठी सोय आहे: ईमेल पत्ता फुकट मिळतो. टोपणनावाच्या खात्यासाठी एक वेगळा पत्ता उघडावा, तो दुसऱ्या कशालाही वापरू नये आणि कुणाला कळवू नये. कुणालाच माहीत नसलेल्या पत्त्यावरून कोण काय शोधणार? जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह लावून बनवलेला पत्ता मात्र या कामाला चालत नाही; चिन्ह आणि त्यापुढचा मजकूर काढून टाकला की मूळ पत्ता समोर येतो.

नंबराच्या बाबतीत हेच करायचं तर दुसरं सिम लागतं, आणि त्यासोबत एक जबाबदारी येते. आपल्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर किमान 90 दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. रिचार्ज करायचं राहिलं, सिम बंद पडलं आणि नंबर दुसऱ्याकडे गेला, तर खात्याला जोडलेला नंबर आता परक्या माणसाचा असतो. त्याच्या नातेवाइकांनी कॉन्टॅक्ट जुळवले की त्यांच्यासमोर आपलं खातं येतं, आणि पासवर्ड विसरलो म्हणून कोड मागवला तर तो त्या माणसाच्या फोनवर जातो. म्हणून सिम सोडण्याच्या आधी, ते चालू असतानाच, प्रत्येक खात्यात जाऊन नंबर बदलावा किंवा काढून टाकावा. तो कोणकोणत्या खात्यांना दिला होता हे आठवत नसेल तर मेसेजच्या ॲपमध्ये 'OTP' आणि 'code' हे शब्द शोधावेत. जुने निरोप पुसलेले नसतील तर बहुतेक नावं तिथे सापडतात.